आधण येईपर्यंत : प्रयोगातील प्रतीक्षा आणि निवेदनाची संहिता

विज्ञान-प्रात्यक्षिकाच्या कार्यक्रमातून घरी परतणाऱ्या पालकाला विचारले, तर तो शेवटचा क्षण सांगतो. डबा चेपला, फुगा फुटला, द्रावणाचा रंग बदलला. वस्तुतः त्या क्षणाला सेकंदभरही लागत नाही. त्याआधीची दोन-तीन मिनिटे पाणी तापण्यात गेलेली असतात आणि त्या वेळात सभागृहातील दीडशे माणसे काहीतरी करीत असतात. ती पाहत असतात, कुजबुजत असतात किंवा कंटाळत असतात. यांतील काय घडावे, हे ठरते व्यासपीठावरील विद्यार्थी त्या वेळात काय बोलतो यावर. या मधल्या बोलण्याची, म्हणजे प्रतीक्षेच्या निवेदनाची, संहिता कशी लिहावी हे एका प्रयोगाच्या आधारे या लेखात मांडत आहोत.

पुण्यात प्रयोग दाखवून बोलण्याची परंपरा चांगली रुजलेली आहे. गणेशखिंडीजवळच्या आयुका या संस्थेत शालेय विद्यार्थ्यांसाठी शनिवारची प्रात्यक्षिक-व्याख्याने होत आली आहेत. तिच्याच आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत श्री. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून केलेली खेळणी महाराष्ट्रातील असंख्य शिक्षकांच्या परिचयाची आहेत. या खेळण्यांचा एक गुण असा, की त्यांत वाट पाहावी लागत नाही. काडी फिरवली की भिंगरी फिरते. हात आणि जीभ एकाच वेळी चालतात. उष्णतेचे प्रयोग मात्र निराळे असतात. पाणी आपल्या वेळेने तापते, त्याला घाई करता येत नाही. म्हणून संहितेची खरी कसोटी याच प्रयोगांत लागते.

प्रयोग आणि त्यातील दोन प्रतीक्षा

आपण सर्वांच्या ओळखीचा प्रयोग घेऊ. शीतपेयाचा ॲल्युमिनियमचा रिकामा डबा, त्यात तीन-चार चहाचे चमचे पाणी, खाली गॅसची शेगडी किंवा स्पिरिटचा दिवा, शेजारी थंड पाण्याने अर्धे भरलेले पसरट पातेले आणि एक मजबूत सांडशी. पाणी उकळू द्यायचे, डब्याच्या तोंडातून वाफ जोमाने बाहेर पडू लागली की सांडशीने डबा धरून एका झटक्यात पातेल्यातील पाण्यावर उपडा करायचा. डबा मोठा आवाज करीत चेपतो.

वरकरणी यात एकच प्रतीक्षा दिसते. प्रत्यक्षात त्या दोन आहेत. पहिली पाणी उकळेपर्यंतची. ज्योतीच्या जोरानुसार ती एक ते दोन मिनिटे चालते. दुसरी त्यानंतरची, सुमारे पाऊण मिनिटाची. ही दुसरी प्रतीक्षा प्रयोगाचा प्राण आहे. डब्यात सुरुवातीला पाण्याखेरीज हवा भरलेली असते. उकळणाऱ्या पाण्याची वाफ या हवेला तोंडातून बाहेर ढकलते, परंतु वाफ आणि हवा एकमेकींत मिसळत असल्यामुळे पहिल्या झुळुकीबरोबर सारी हवा निघून जात नाही. वाफेला काही काळ वाहू द्यावे लागते. ती वाहिली नाही, तर डबा उपडा केल्यावर आत उरलेली हवा भिंतींना आतून आधार देते आणि डबा जेमतेम दबतो.

घाई होते ती नेमकी येथेच. पहिल्या प्रतीक्षेत निवेदकाचे सारे बोलणे संपलेले असते. वाफ दिसू लागते, सभागृहात शांतता पसरते, ती शांतता त्याला सहन होत नाही आणि तो डबा करणाऱ्याला डोळ्याने खुणावतो. प्रयोग फसतो तो विज्ञानाच्या अज्ञानामुळे नव्हे, तर बोलायला काही न उरल्यामुळे. म्हणून संहितेत दुसऱ्या प्रतीक्षेसाठी वाक्ये स्वतंत्र राखून ठेवावी लागतात.

घड्याळ नव्हे, खूण

आपल्याकडील बहुतेक संहिता मिनिटांवर बेतलेल्या असतात. पहिले मिनिट अमुक, दुसरे मिनिट तमुक. पाठांतरासाठी हे सोयीचे असते, पण ज्योत घड्याळ पाळत नाही. सभागृहातील पंखा चालू राहिला तर ज्योत हलते आणि उकळण्यास बराच उशीर होतो. सरावाला वापरलेली शेगडी मोठी आणि कार्यक्रमातील दिवा लहान असला, तर सगळे हिशेब चुकतात. पाणी चमचाभर जास्त पडले तरीही तेच होते. अशा वेळी पाठ केलेले निवेदन आधी संपते, किंवा ते अर्ध्यावर असताना डब्यातील पाणी आटून जाते.

यावर उपाय असा, की एका परिच्छेदातून दुसऱ्यात जाण्याचा आदेश घड्याळाने न देता प्रयोगाने द्यावा. या प्रयोगात चार खुणा स्पष्ट ओळखता येतात. पहिली, ज्योत पेटणे. दुसरी, डब्यातून बारीक ‘सूं’ असा आवाज सुरू होणे. तिसरी, तोंडाशी पांढरट धूसरपणा दिसणे. चौथी, आवाज बदलून खदखद ऐकू येणे आणि वाफेचा झोत न तुटता सरळ वर जाणे. डबा हाताळणारा विद्यार्थी, ज्याला आम्ही ‘कर्ता’ म्हणतो, प्रत्येक खूण दिसताच एक ठरलेला शब्द मोठ्याने उच्चारतो. निवेदक हातातील वाक्य पूर्ण करतो आणि पुढच्या खुणेच्या वाक्यांकडे वळतो.

त्यासाठी प्रत्येक खुणेखाली दोन प्रकारची वाक्ये लिहावीत. काही आवश्यक, ती म्हटल्याखेरीज पुढे जायचे नाही. काही राखीव, वेळ असला तर म्हणायची, नसला तर सोडायची. आवश्यक वाक्ये तीन-चारच असावीत आणि ती प्रथम यावीत. राखीव वाक्यांपैकी प्रत्येक स्वतःच्या पायावर उभे असावे. ‘पहिले कारण असे, दुसरे कारण असे’ अशी साखळी गुंफली, की मध्येच थांबणे अवघड होते. सभागृहात सावकाश बोलणारा विद्यार्थी मिनिटाला सुमारे शंभर शब्द बोलतो असे धरले, तर तीन मिनिटांच्या प्रतीक्षेला तीनशे शब्द पुरतात. त्यांतील शंभर-सव्वाशे आवश्यक आणि उरलेले राखीव, ही वाटणी सोयीची ठरते.

मध्येच थांबता येण्याचे महत्त्व सांगणारे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. लोहाराचा मुलगा आणि पुस्तकबांधणीच्या दुकानातील उमेदवार असलेला मायकेल फॅरडे पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळची व्याख्याने देऊ लागला. १८६०-६१ च्या नाताळातील मेणबत्तीवरील त्याची सहा व्याख्याने लघुलेखकाने उतरवून घेतल्यामुळे आज ग्रंथरूपाने वाचता येतात. त्यांतील तिसऱ्या व्याख्यानात त्याने जाड ओतीव लोखंडाच्या बाटल्यांत पाणी गच्च भरले, त्या बर्फ आणि मीठ यांच्या मिश्रणात ठेवल्या आणि पाणी गोठेपर्यंत तो दुसऱ्या प्रयोगांकडे वळला. त्याच वेळात त्याने पत्र्याचे एक भांडे वाफेने भरून, बंद करून, थंड पाणी ओतून चेपूनही दाखवले. म्हणजे आपला हाच प्रयोग. पुढे बोलणे चालू असतानाच एक बाटली तडकल्याचे आढळले आणि दुसरी सर्वांसमोर फुटून गोठण-मिश्रण चहूकडे उडाले. फॅरडेने हातातला विषय बाजूला ठेवला, बर्फाने लोखंड फोडल्याचे दाखवून दिले आणि पुन्हा पाण्याच्या विषयाकडे वळला. प्रतीक्षेतील त्याचे बोलणे पाण्याच्याच रूपांविषयी चालले होते. म्हणून तो खंड श्रोत्यांना खटकण्याऐवजी त्याच बोलण्याचा भाग वाटला असणार.

संहिता

आता प्रत्यक्ष संहिता पाहू. निवेदकाची वाक्ये अवतरणात दिली आहेत.

पहिली खूण : ज्योत पेटली. आवश्यक : “या डब्यात आम्ही तीन चमचे पाणी घातले आहे. उरलेला डबा रिकामा आहे, असे आपण म्हणू. तो खरोखर रिकामा आहे का? नाही, त्यात हवा आहे. पाणी उकळू लागले, की आत काय काय बदलते याकडे आपण कान आणि डोळे लावून राहू.” राखीव : “पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब थोडा कमी असल्याने पाणी १०० नव्हे, तर साधारण ९८ अंशांनाच उकळते. सिंहगडाच्या माथ्यावर ते आणखी दोन-अडीच अंश आधी उकळेल.”

दुसरी खूण : ‘सूं’ असा आवाज. आवश्यक : “ऐका. घरी भातासाठी आधण ठेवले, की असाच आवाज येतो. पाणी अजून उकळलेले नाही. तळाशी वाफेचे बारीक बुडबुडे तयार होत आहेत. ते वरच्या थंड पाण्यात शिरताच मिटून जातात. असंख्य बुडबुडे मिटण्याचा हा आवाज आहे.” राखीव : “सारे पाणी पुरेसे तापले, की बुडबुडे न मिटता वर येतील आणि आवाज बदलेल. ज्यांच्या घरी आई केवळ कानाने आधण ओळखते, त्यांनी आवाज बदलताच हात वर करावा.”

हे राखीव वाक्य आम्हांला विशेष मोलाचे वाटते. सभागृहातील अनेक माता शाळेत फार काळ गेलेल्या नसतात, परंतु आधणाचा आवाज त्यांना निवेदकाहून अधिक अचूक कळतो. त्या हात वर करतात आणि पुढच्या क्षणी कर्ताही खूण झाल्याचे सांगतो, तेव्हा निरीक्षण म्हणजे काय हे वेगळे समजावण्याची गरज राहत नाही. आवाज मागील रांगांना ऐकू यावा म्हणून एका विद्यार्थ्याने ध्वनिक्षेपक डब्याच्या बाजूला क्षणभर धरावा. वायर ज्योतीपासून दूर राहील याची काळजी घ्यावी.

तिसरी खूण : तोंडाशी धूसरपणा. आवश्यक : “हा धूर नव्हे, आणि नीट पाहिले तर ही वाफही नव्हे. वाफ डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते वाफ थंड झाल्याने बनलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब. डब्याच्या तोंडाला लागून थोडी जागा स्वच्छ दिसते. खरी वाफ तिथे आहे.” राखीव : “पांढऱ्या झोतामागे काळा कागद धरला आहे. मागच्या रांगेतूनही आता तो दिसेल.”

चौथी खूण : खदखद आणि अखंड झोत. आवश्यक : “आता वाफ डब्यातील हवेला बाहेर ढकलते आहे. तिला वेळ देऊ. तोवर विचार करा. हा डबा आम्ही थंड पाण्यावर उपडा करणार आहोत. काय होईल? काहीच होणार नाही, असे कोणाला वाटते? पाणी आत शिरेल, असे कोणाला वाटते? डब्याचा आकार बदलेल, असे कोणाला वाटते?” प्रत्येक प्रश्नानंतर हात मोजायचे आणि संख्या फळ्यावर लिहायची. हात मोजण्यातच अर्धे-पाऊण मिनिट जाते. म्हणजे हवा बाहेर पडण्यास हवा असलेला वेळ आपोआप मिळतो, आणि प्रेक्षकांना आपण वाट पाहत आहोत असे वाटतही नाही.

यानंतर निवेदक एकच वाक्य म्हणतो : “आता आम्ही बोलणार नाही.” कर्ता सांडशीने डबा उचलतो आणि उपडा करतो. पाच-सात सेकंदांची ही शांतता संहितेत लिहूनच ठेवावी. न लिहिलेली शांतता निवेदकाला स्वतःची चूक वाटते आणि तो ती काहीतरी बोलून भरून काढतो. तेवढ्यात डबा चेपल्याचा आवाज त्या बोलण्यात बुडून जातो.

काय सांगू नये

प्रतीक्षेत सर्वांत मोठा मोह असतो तो उत्तर आधीच देऊन टाकण्याचा. “बाहेरच्या हवेच्या दाबाने डबा चेपणार आहे” असे वाक्य दुसऱ्याच मिनिटाला उच्चारले, की हात वर करण्यात अर्थ उरत नाही आणि प्रयोग केवळ त्या वाक्याचा पुरावा होतो. प्रतीक्षेतील निवेदनाने डोळ्यांसमोर जे घडत आहे तेवढेच सांगावे. का घडले ते घटनेनंतर सांगावे.

परंतु उत्तराचे साहित्य मात्र प्रतीक्षेतच मांडून ठेवता येते. वरील संहितेतील बुडबुड्यांचे वाक्य याच हेतूने तिथे आहे. डबा चेपल्यावर निवेदक म्हणतो : “आधी ऐकलेला आवाज आठवा. बुडबुड्यातील वाफ थंड पाण्यात शिरली, तिचे पाणी झाले, बुडबुड्यात काही उरले नाही, म्हणून भोवतालच्या पाण्याने तो मिटवला. डब्याचेही तेच झाले. डबाभर वाफेचे थंड होऊन अवघे चार-पाच थेंब पाणी होते. आत हवा नव्हती, तोंड पाण्याने बंद होते, म्हणून बाहेरच्या हवेने डबा मिटवला.” लहान बुडबुडा आणि मोठा डबा यांची सांगड लागताच प्रतीक्षेतील दोन मिनिटे व्यर्थ गेली नव्हती, हे श्रोत्यांच्या ध्यानात येते.

येथे एक दक्षता घ्यावी. “आतील पोकळीने डबा आत ओढला” असे अनेकदा म्हटले जाते. पोकळी ओढत नाही. बाहेरची हवा ढकलते. आतून सारी हवा गेली असे धरले, तर अशा डब्याच्या एका बाजूवर हवेचा जोर सुमारे सत्तर किलो वजनाइतका असतो. एरवी आतील हवा तितक्याच जोराने उलट रेटत असल्यामुळे तो आपल्याला जाणवत नाही. हे वाक्य घटनेनंतरच्या आवश्यक वाक्यांत असावे.

प्रयोग फसला तर

संहितेला आणखी एक पान जोडावे लागते. डबा जेमतेम दबला, तर बहुधा चौथ्या खुणेनंतर पुरेसे थांबलेलो नसतो. काही वेळा डबा चेपत नाही, पण उचलताना जड लागतो आणि त्यातून पाणी ओतले जाते. भिंती जाड असल्या किंवा तोंड मोठे असले, तर भिंती चेपण्याऐवजी पातेल्यातील पाणी आत चढते. पोलादी डब्याच्या बाबतीत हे सहज घडते. अशा वेळी निवेदकाजवळ वाक्य तयार असावे : “डबा चेपला नाही, पण आत पाणी किती आले पाहा. आम्ही तीन चमचे घातले होते.” ते पाणी मापात ओतून दाखवावे. पाणी आत शिरेल असे म्हणणाऱ्यांनी फळ्यावर नोंदवलेले मत तेव्हा खरे ठरलेले असते.

याउलट निवेदन लांबले, तर पाणी आटते. त्याची पहिली खूण कानाला कळते : खदखद अचानक थांबते. मग रंग जळाल्याचा वास येतो. अशा डब्यात वरून पाणी ओतू नये. गरम वाफेचा फवारा हातावर येतो. ज्योत बंद करावी, डबा बाजूला ठेवावा आणि आधीच पाणी घालून ठेवलेला दुसरा डबा घ्यावा. दुसऱ्या डब्याच्या प्रतीक्षेत पहिल्या खुणेची वाक्ये पुन्हा म्हणू नयेत. न वापरलेली राखीव वाक्ये येथे उपयोगी पडतात. कर्त्याने डोळ्यांवर चष्मा लावावा, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि पहिली रांग दोन हात मागे असावी. ज्योतीजवळ शिक्षक उभे असल्याखेरीज हा प्रयोग करू नये.

सराव करताना प्रथम निवेदन बाजूला ठेवून केवळ प्रयोग तीन वेळा करावा आणि प्रत्येक खूण कोणत्या सेकंदाला आली ते लिहून काढावे. तिन्ही वेळांतील सर्वांत कमी वेळात आवश्यक वाक्ये बसली पाहिजेत आणि सर्वांत जास्त वेळाला राखीव वाक्ये पुरली पाहिजेत. त्यानंतर एकदा मुद्दाम ज्योत कमी करून आणि एकदा वाढवून सराव घ्यावा. दोन्ही वेळा निवेदक न अडखळता शेवटच्या शांततेपर्यंत पोहोचला, तर संहिता तयार झाली असे समजावे.